ध्वनिफीत खरी, पण आली कुठल्या वाटेने?



या वेळी एक साधा वाटणारा प्रश्न घेऊन आलोय. समजा, एका माणसाने लाच मागितली. त्याचं बोलणं टेपवर आहे. आवाज त्याचाच आहे, टेपमध्ये कुणी काटछाट केलेली नाही. पण ती टेप तपास यंत्रणेने कायदा मोडून मिळवली आहे. न्यायाधीशांनी ती ऐकायची की नाही?

घरात विचारून बघा. मोठी माणसं बहुधा म्हणतील, ‘चोर तो चोरच, टेप कशी का मिळेना!’ कॉलेजात जाणारं कुणी असेल तर लगेच विचारेल, ‘मग कायदा मोडणाऱ्या चोरात आणि कायदा मोडणाऱ्या पोलिसांत फरक काय?’ गंमत अशी, की मुंबईतल्या दोन खटल्यांत न्यायालयांनी ही दोन्ही उत्तरं दिलेली आहेत. दोन्ही खटले लाचेचे, दोन्हींत पुरावा फोनवरच्या संभाषणाचा, आणि दोन निकालांमध्ये ४७ वर्षांचं अंतर. पहिल्यात टेप चालली. दुसऱ्यात न्यायालयाने सांगितलं, ती नष्ट करा.

पहिली गोष्ट १९६४ सालची. मुंबईतल्या एका डॉक्टरांनी आपल्या नर्सिंग होममध्ये एका रुग्णाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन केलं. नंतर गुंतागुंत झाली, रुग्णाला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं आणि तिथे तो दगावला. त्या काळी मुंबईत कॉरोनर नावाचा अधिकारी असे. संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करायची, हे त्याचं काम. म्हणजे या मृत्यूत डॉक्टरांचा हलगर्जीपणा होता का, यावर त्याच्या शब्दाला वजन होतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांची अख्खी प्रॅक्टिस त्या शब्दावर टांगलेली. कॉरोनर होते आर. एम. मलकानी. त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांमार्फत निरोप धाडला, की प्रकरण सोपं करायचं असेल तर पैसे लागतील. आधी २०,००० रुपये, मग १५,०००. साठच्या दशकातले १५,००० म्हणजे किती, ते आजोबांना विचारा.

मध्यस्थ डॉक्टर लाचलुचपत विभागाकडे गेले. विभागाच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या घरच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला. डॉक्टरांनी आपल्याच घरातून, आपल्याच फोनवरून कॉरोनरना फोन लावला, आणि पैशांचं सगळं बोलणं टेपवर आलं. डॉक्टरांना रेकॉर्डिंग होतंय हे माहीत होतं, कॉरोनरना नव्हतं.

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मलकानींच्या वकिलांचा मुद्दा असा होता, की तार कायद्यानुसार (टेलिफोनही त्यातच येई) दुसऱ्याचा संदेश मध्येच पकडण्यासाठी तारयंत्रणेत ढवळाढवळ करणं गुन्हा आहे. मग त्यातून मिळालेली टेप न्यायालयात कशी चालेल? सप्टेंबर १९७२ मध्ये निकाल लागला. न्यायालय म्हणालं, इथे ढवळाढवळ झालेलीच नाही. फोन डॉक्टरांचा, यंत्र त्यांच्या संमतीने जोडलेलं, बोलणारे दोघंही आपापल्या मर्जीने बोललेले. आवाज ओळखता येतो, बोलणं मुद्द्याशी संबंधित आहे, टेपशी छेडछाड झालेली नाही, म्हणजे टेप ग्राह्य. मलकानी दोषी ठरले.

एवढ्यावर निकाल थांबला असता तरी चाललं असतं. पण न्यायालयाने पुढे आणखी एक पाऊल टाकलं. पुरावा बेकायदा मार्गाने मिळवला असला, तरी तो मुद्द्याशी संबंधित असेल तर ग्राह्यच, असंही म्हटलं. नीट बघा हं, या खटल्याला त्या वाक्याची गरज नव्हती, कारण बेकायदा काही घडलंच नव्हतं असं न्यायालयानेच आधी ठरवलं होतं. तरी पुढची कित्येक वर्षं वकील मंडळी मलकानी खटल्यातलं हेच वाक्य पुढे करत राहिली. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी जाता जाता लिहिलेली एखादी ओळ असते, आणि नंतर सगळी यंत्रणा तिच्यावरच उभी राहते, त्यातला हा प्रकार.

हा विचार आला इंग्रजांकडून. १९५५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे केनियातलं एक अपील आलं होतं, कुरुमा नावाच्या माणसाचं. आणीबाणीचे दिवस होते. रस्त्यावर सायकलवरून जाताना त्याला अडवलं, झडती घेतली आणि त्याच्याकडे दोन काडतुसं सापडल्याचं पोलिसांनी सांगितलं. तेवढ्यावर त्याला मृत्युदंड झाला. झडती घ्यायला ठरावीक हुद्द्याचा अधिकारी लागत असे, आणि ज्यांनी झडती घेतली ते त्या हुद्द्याचे नव्हते. प्रिव्ही कौन्सिल म्हणालं, काडतुसं सापडली ना? मग ती कशी मिळाली हे बघायचं कारण नाही. फक्त एक फट ठेवली : आरोपीवर फारच अन्याय होत असेल, तर न्यायाधीश आपल्या अधिकारात पुरावा नाकारू शकतात. मलकानी खटल्यात या निकालाचा आधार घेतला गेला. १९७३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पूरनमल खटल्यात, आयकराच्या धाडीत सापडलेल्या कागदपत्रांबद्दल, हीच भूमिका पक्की केली. धाडीत चूक झाली तरी कागद वापरता येतील. आपल्या राज्यघटनेत तसा पुरावा नाकारायला सांगणारं काही नाही, असं ते म्हणाले.

अमेरिकेने नेमकी उलटी वाट धरली. तिथे १९६१ च्या मॅप खटल्यापासून, पोलिसांनी बेकायदा झडतीत मिळवलेला पुरावा कुठल्याच राज्यातल्या फौजदारी खटल्यात आरोपीविरुद्ध चालत नाही. तर्क व्यवहारी आहे. बेकायदा झडतीतून काही हाती लागणारच नसेल, तर पोलिस ती घेतील कशाला? हवालदाराच्या चुकीमुळे गुन्हेगार सुटतो, हा आक्षेप तिथे पूर्वीपासून आहे आणि तो खोटा नाही. पुढे तिथल्या न्यायालयांनी या नियमाला बरेच अपवादही जोडले.

आता दुसरी गोष्ट, विनीत कुमार विरुद्ध सीबीआय. निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा, २२ ऑक्टोबर २०१९ चा. आरोप असा होता, की एका व्यावसायिकाने कर्जाच्या कामासाठी सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला १० लाख रुपये लाच दिली. सीबीआयचा एफआयआर एप्रिल २०१८ चा. त्याच्या आधीच या व्यावसायिकाचा फोन टॅप होत होता, आणि तोही केंद्रीय गृहमंत्रालयाच्या लेखी आदेशांवरून. आदेश तीन होते : २९ ऑक्टोबर २०१७, १८ डिसेंबर २०१७ आणि २२ फेब्रुवारी २०१८. कागद होता, सही होती, शिक्का होता. मग बेकायदा काय होतं?

इथे थोडं थांबून नियम बघू, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. सरकारला फोन टॅप करता येतो, पण त्याला दोन कुलपं आहेत. पहिलं कुलूप : ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ यांपैकी एक परिस्थिती असायला हवी. ती असेल तरच पुढे देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी रोखणं अशी कारणं विचारात येतात. डिसेंबर १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की ही परिस्थिती गुपचूप असू शकत नाही. साध्या समंजस माणसाला ती डोळ्यांनी दिसली पाहिजे. दुसरं कुलूप : आदेश गृहसचिवाच्या पातळीवरचा, त्यात कारणं लिहिलेली, ठरावीक मुदतीचा, आणि दोन महिन्यांच्या आत एका आढावा समितीने तो तपासलेला हवा. ही पद्धत २००७ मध्ये तार नियमांत ४१९-अ या क्रमांकाने आली. समितीला आदेश अयोग्य वाटला, तर तो रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगण्याचा अधिकारही त्याच नियमात होता.

उच्च न्यायालयाने तीनही आदेश या कुलपांना लावून बघितले. १० लाखांची लाच हा गुन्हा खराच, पण त्यात सार्वजनिक आणीबाणी कुठली? लोकांच्या सुरक्षिततेला धोका कुठला? आदेशांत कायद्यातले शब्द होते, पण ते शब्द या माणसाला का लागू पडतात, याचं स्पष्टीकरण नव्हतं. आढावा समितीचं काम नियमाप्रमाणे झाल्याचंही दाखवता आलं नाही. न्यायालयाने तीनही आदेश रद्द केले, रेकॉर्डिंगच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या, आणि खटला चालवणाऱ्या न्यायालयाने ते संभाषण विचारात घेऊ नये असं स्पष्ट केलं.

पण मलकानी आणि पूरनमलचं काय? ते तर वरच्या न्यायालयाचे निकाल. शिवाय २००५ मध्ये संसदेवरच्या हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की टॅपिंगच्या नियमांत त्रुटी राहिली म्हणून टेप आपोआप बाद होत नाही. सीबीआयने हाच मुद्दा लावून धरला. उच्च न्यायालयाचं उत्तर मुख्यतः एका तारखेवर उभं आहे : २४ ऑगस्ट २०१७. त्या दिवशी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, आणि खासगीपणाला घटनेत जागा नाही असं म्हणणारा १९५४ चा एम. पी. शर्मा निकाल तेवढ्यापुरता रद्द केला. पूरनमलचा निकाल याच १९५४ च्या निकालावर टेकलेला होता. पाया हलला, म्हणजे वरचा मजला तपासायला हवा. हक्क मोडून आणलेला पुरावा बिनदिक्कत वापरता आला तर नियम फक्त कागदावर राहतील, असं न्यायालयाला वाटलं. मात्र पूरनमलचा पुराव्याबद्दलचा नियम नऊ न्यायमूर्तींनी थेट शब्दांत मोडीत काढलेला नाही. म्हणून हा वाद अजून संपत नाही.

माझ्या धंद्यातल्या माणसाला या सगळ्यात एक गोष्ट जास्त लक्षात येते. टेपबद्दल दोन वेगळे प्रश्न असतात आणि लोक ते नेहमी एकत्र करतात. एक, ही फाइल जशीच्या तशी आहे का? दोन, ती हाती कशी आली? पहिल्या प्रश्नाला आता चांगलं तांत्रिक उत्तर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलची ‘हॅश’ लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच समजा. संगणकावर ती काढायला एक ओळ पुरते :

```
sha256sum call.m4a
```

उत्तरात ६४ अक्षरांची एक माळ मिळते. फाइलमधला एक कण जरी बदलला, तरी माळ पार वेगळी येते. जप्तीच्या दिवशीची माळ आणि न्यायालयात आणलेल्या फाइलची माळ सारखी असेल, तर मधल्या काळात कुणी हात लावलेला नाही. पण जप्तीच्या आधी काय झालं, हे तिला माहीत नसतं. आणि चोरलेल्या फाइलची हॅशही तितकीच चोख जुळते! दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फाइलमध्ये नसतंच. ते असतं कागदांत : आदेश कुणी काढला, कुठल्या तारखेला, कारण म्हणून काय लिहिलं, मुदत कधी संपली, समितीने तो कधी बघितला. आदेशात कायद्याचं वाक्य फक्त उतरवलेलं असेल आणि या माणसाबद्दल, या गुन्ह्याबद्दल एकही वाक्य नसेल, तर तिथेच शंका घ्यायची. मलकानी खटल्यात न्यायालयाचं लक्ष मुख्यतः पहिल्या प्रश्नावर होतं, विनीत कुमारमध्ये दुसऱ्यावर.

मग दोन्ही टोकांच्या मध्ये काही आहे का? आहे, आणि ते आपल्याच देशात लिहून ठेवलेलं आहे. १९८३ मध्ये विधी आयोगाने आपल्या ९४ व्या अहवालात सुचवलं, की पुरावा कायद्यात एक नवं कलम घाला, १६६-अ. बेकायदा मिळालेला पुरावा घेतल्याने न्यायव्यवस्थेचीच नाचक्की होणार असेल, तर तो नाकारायचा अधिकार न्यायाधीशाला द्या. ठरवताना काय बघायचं, तेही आयोगाने सांगितलं होतं. माणसाच्या प्रतिष्ठेला किती धक्का लागला? गुन्हा किती गंभीर? पुरावा किती महत्त्वाचा? मुद्दाम कुणाला इजा केली का? आणि तातडीसारखं काही कारण होतं का, म्हणजे थांबलो असतो तर पुरावा नाहीसा झाला असता, असं?

ही फूटपट्टी आपल्या दोन खटल्यांना लावून बघू. मलकानी प्रकरणात एका अधिकाऱ्याने मृत्यूच्या चौकशीची भीती घालून पैसे मागितले होते. रेकॉर्डिंग त्या बोलण्यातल्याच एका माणसाच्या संमतीने झालं, ठरलेल्या फोनचं, तेवढ्याच विषयाचं. कुटुंबातलं, मित्रांमधलं काही त्यात आलं नाही. कुठल्याही मोजमापाने ती टेप टिकली असती. विनीत कुमार प्रकरणात तीन आदेश, पहिल्या आणि तिसऱ्यात जवळपास चार महिने. इतक्या दिवसांत ‘वेळच नव्हता’ म्हणायला जागा राहत नाही. आणि सततचं टॅपिंग म्हणजे लाचेच्या बोलण्याबरोबर बायको-मुलांशी, डॉक्टरांशी, ज्याच्याशी ज्याच्याशी तो माणूस बोलला, ते सगळं ऐकणं. त्या बाजूच्या लोकांनी तर काहीच केलेलं नव्हतं. दुसऱ्या पारड्यात : सरकारी बँकेतली लाच हा काही किरकोळ गुन्हा नाही, आणि लाच देणारा-घेणारा दोघेही गप्प बसणारे, म्हणजे संभाषणाशिवाय पुरावा मिळवणं अवघड.

माझं मत विचाराल तर उच्च न्यायालयाने पुरावा बाजूला ठेवला ते बरोबर झालं. रेकॉर्डिंग नष्ट करण्याबाबत मात्र माझं मन जरा अडखळतं. नियम ४१९-अ मध्ये नष्ट करण्याची तरतूद होती, त्यामुळे न्यायालयाने काही वेगळं केलं असं नाही. पण वरच्या न्यायालयाला उद्या वेगळं वाटलं तर? आमच्याकडे संशयास्पद फाइल लगेच पुसत नाहीत, कुलपात वेगळी ठेवतात. अर्थात त्या फाइलमध्ये माझ्या घरच्यांचं बोलणं असतं, तर मी इतक्या शांतपणे हे लिहिलं असतं का, कोण जाणे.

विधी आयोगाचं कलम कायद्यात आलं नाही. २०२३ मध्ये पुरावा कायदा नव्याने लिहिला गेला तेव्हाही आलं नाही. त्यामुळे प्रत्येक न्यायालय आपापल्या परीने तोल साधतं, आणि तो सगळीकडे सारखा पडत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यातलंच बघा. जूनच्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने एका भ्रष्टाचाराच्या खटल्यात टॅपिंग योग्य ठरवलं. मोठा आर्थिक भ्रष्टाचारही सार्वजनिक सुरक्षिततेत बसू शकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मद्रास उच्च न्यायालयाने दुसऱ्या लाच प्रकरणातला २०११ चा टॅपिंग आदेश रद्द केला आणि त्यातला पुरावा वापरायला मनाई केली; त्यांच्या मते करचुकवेगिरी आणि लाच यांना आणीबाणीचा मुलामा देता येत नाही. दोन्ही न्यायालयांपुढे कायद्याचे शब्द तेच होते.

शेवटी घरातल्या फोनबद्दल एक, कारण हा प्रश्न मला हमखास येतो : ‘मी स्वतः कॉल रेकॉर्ड केला तर?’ वरचे निर्बंध सरकारने दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्याबद्दलचे आहेत. तुम्ही स्वतः ज्या संभाषणात आहात, ते मलकानी प्रकरणातल्या डॉक्टरांसारखं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोटाच्या दाव्यात, नवऱ्याने बायकोच्या नकळत रेकॉर्ड केलेले कॉल पुरावा म्हणून घेता येतील असा निकाल दिला. उच्च न्यायालयाने त्याआधी खासगीपणाचं कारण देऊन ते नाकारले होते. दुसऱ्याच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकून त्याचं तिसऱ्याशी चाललेलं बोलणं ऐकणं मात्र वेगळं. तिथे तुम्ही डॉक्टर नसता, टॅपिंग करणारे असता, आणि तुमच्याकडे गृहसचिवांचा आदेशही नसतो.